मजले मोजून उंची

आपल्याकडे इमारतीची उंची सांगायची सोपी रीत आहे : जितके मजले, तितके दहा फूट. स्टिल्ट आणि वर सात मजले, म्हणजे आठ गुणिले दहा, ऐंशी फूट. मीटरमध्ये सुमारे २४.४. ढोबळ अंदाज म्हणून ठीक आहे. पण राष्ट्रीय इमारत संहितेनुसार २४ मीटरच्या वर गेलेल्या इमारतीत आगीच्या वेळी थांबायला रेफ्यूज एरिया ठेवावा लागतो. ती इमारत या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे दहा फुटांच्या हिशेबावरून ठरवता येणार नाही.

खरा आकडा हवा असेल तर आधी एका मजल्याची उंची नीट समजून घ्यायला हवी. घरात टेप लावून फरशीपासून छतापर्यंत मोजलेली उंची इथे उपयोगाची नाही. ती साधारण २.७५ मीटर भरते. त्यात वरच्या स्लॅबची जाडी, साडेबारा ते पंधरा सेंटिमीटर, आणि त्या स्लॅबवरची फरशी व तिच्याखालचा मसाला, आणखी पाच-सात सेंटिमीटर, मिळवायला हवा. आपल्या फरशीपासून वरच्या घराच्या फरशीपर्यंतचे हे अंतर नव्या निवासी इमारतींत बहुधा २.९ ते ३ मीटरच्या आसपास येते. गुणाकार करायचा तो या अंतराचा.

ते मोजायला स्लॅब फोडावा लागत नाही, जिना पुरतो. एका मजल्याच्या दारातून वरच्या मजल्याच्या दारापर्यंत पायऱ्यांचे चढ मोजा. मधल्या लँडिंगवर पोचवणारा चढही त्यात धरा. मग चार-पाच पायऱ्यांची उभी उंची मोजून सरासरी काढा. एकाच पायरीवर विसंबू नका, कारण पहिली आणि शेवटची पायरी फरशीच्या जाडीमुळे इतरांपेक्षा कमी-जास्त असते.

आता तीच इमारत घेऊ. समजा १८ चढ निघाले, प्रत्येक १६ सेंटिमीटरचा. म्हणजे मजला २.८८ मीटरचा, आणि सात मजल्यांचे २०.१६ मीटर. स्टिल्टपासून पहिल्या मजल्यापर्यंत १७ चढ, म्हणजे २.७२ मीटर. शिवाय जमिनीपासून स्टिल्टच्या जिन्यापर्यंत तीन पायऱ्या, सुमारे ४५ सेंटिमीटर. बेरीज २३.३ मीटर. दहा फुटांच्या हिशेबाने जी इमारत २४ च्या वर गेली होती, ती जिन्याने मोजल्यावर खाली आली. मजल्यामागे दहा-पंधरा सेंटिमीटरची चूक आठ वेळा गुणली गेली, की एक मीटर इकडचा तिकडे होतो. वीस मजल्यांवर तो फरक आणखी मोठा.

हे २३.३ मीटर गच्चीपर्यंतचे आहेत. संहिता सपाट छपराच्या इमारतीची उंची शेवटच्या राहत्या मजल्याच्या गच्चीपर्यंतच धरते. कठडा, लिफ्टची खोली आणि पाण्याची टाकी धरली तर डोळ्यांना दिसणारी इमारत आणखी चार-सहा मीटर उंच असते. दोन माणसांचे आकडे जुळत नसतील, तर आधी कोणी कुठपर्यंत मोजले ते विचारावे.

उंच टॉवरांसाठी शिकागोच्या काउन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅटने अंदाजाचे सूत्र दिले आहे. कार्यालयांच्या इमारतीत मजला ३.९ मीटरचा धरतात, कारण छताखाली एसीचे डक्ट आणि तारा जातात. निवासी इमारतीत तो ३.१ मीटरचा. कार्यालयांसाठी त्यात दुप्पट उंचीची लॉबी आणि माथ्यावरची यंत्रे यांचे मिळून ११.७ मीटर आणि दर वीस मजल्यांमागे यंत्रांच्या एका मजल्याचे ३.९ मीटर मिळवतात.

कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर हे लावून पाहू. मजले ३५. ३५ गुणिले ३.९ म्हणजे १३६.५, त्यात ११.७ आणि यंत्रांच्या मजल्यांचे ६.८. उत्तर १५५ मीटर. तिची सांगितली जाणारी उंची १५६. आत पाऊलही न टाकता एका मीटरच्या आत पोचणे मला विलक्षण वाटते.

मात्र हे सूत्र नेहमीच्या घडणीच्या इमारतींपुरतेच आहे. अल्टामाउंट रोडवरच्या अँटिलियाचे मजले २७, उंची १७३ मीटर. निवासी सूत्र तिला जेमतेम ९३ मीटर देते. १७३ ला २७ ने भागले तर मजल्यामागे ६.४ मीटर येतात, म्हणजे नेहमीच्या घरांचे दोन मजले एकावर एक. अशी इमारत ओळखायला आकडे लागत नाहीत. शेजारच्या जुन्या निवासी इमारतीच्या खिडक्यांच्या रांगांशी तिच्या रांगा ताडून पाहा. शेजारच्या दोन रांगांच्या उंचीत इथे एकच बसत असेल, तर मजले मोजून गुणाकार करण्यात अर्थ नाही.