सगळे नग पास, तरी सीपीके नापास

भोसरीतल्या किंवा शिरोलीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपचं उदाहरण घेऊ. दोन सीएनसी लेथ, एक ड्रिलिंग मशीन, सहा-सात माणसं. काम आहे एका पोलादी पिनचं. ड्रॉइंगवर व्यास दिलाय २० मिलिमीटर, वरखाली २० मायक्रॉनची सवलत. म्हणजे पिन १९.९८० पासून २०.०२० मिलिमीटरपर्यंत कुठेही असली तरी चालते. हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर, तेव्हा सगळी सवलत मिळून ४० मायक्रॉनची, डोक्याच्या केसाहूनही बारीक.

मालकांनी पूर्ण पाळीभर दर वीस मिनिटांनी मशीनवरून लागोपाठचे पाच नग उचलले, मोजले, वेळेसह लिहून ठेवले. आठ तासांत पंचवीस खेपा, एकशे पंचवीस नग. सर्वांत मोठा नग २०.०१९ भरला. म्हणजे एकही बाद नाही. तरीही ग्राहक कंपनीचा क्वालिटीचा माणूस कागद परत करतो आणि सांगतो, ‘सीपीके कमी आहे, १.३३ पाहिजे.’ मालकांचा प्रश्न रास्त असतो: सगळे नग पास आहेत, मग नापास काय झालं?

नापास झाली ती प्रक्रिया. मोजलेले नग हातात आहेत, पण कंपनीला पुढचे दहा हजार घ्यायचे आहेत आणि ते कोणी एकेक मोजणार नाही. म्हणून न मोजलेल्या नगांबद्दल मोजलेल्यांवरून काय म्हणता येईल, एवढंच हा आकडा सांगतो.

सुरुवात पसरटपणापासून करावी लागते. एकाच मशीनवर, एकाच बारमधून, लागोपाठ काढलेले पाच नगसुद्धा तंतोतंत सारखे येत नाहीत. आपल्या पिनमध्ये प्रत्येक खेपेच्या पाच नगांत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांच्यातला फरक काढला. अशा पंचवीस फरकांची सरासरी आली १० मायक्रॉन. पाच-पाचच्या गटांसाठी संख्याशास्त्राने २.३२६ हा भाजक ठरवून दिलाय. त्याने भागलं की प्रमाण विचलन मिळतं, इथे ४.३ मायक्रॉन. याला सिग्मा म्हणतात. मापं नेहमीच्या घंटेच्या आकारात पसरलेली असतील तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सिग्मांत, म्हणजे एकूण सहा सिग्मांच्या पट्ट्यात, हजारातले ९९७ नग बसतात. आपला पट्टा झाला साधारण २६ मायक्रॉनचा.

ड्रॉइंगने दिलेली ४० मायक्रॉनची जागा आणि मशीनला लागणारी २६ मायक्रॉनची जागा यांचा भागाकार म्हणजे सीपी. इथे तो १.५५ येतो. जागा मुबलक आहे. मशीन या कामाच्या लायकीचं आहे.

पण पट्टा मर्यादांच्या मधोमध बसलाय का, हे सीपी विचारतच नाही. एकशे पंचवीस नगांची सरासरी निघाली २०.००८. पट्टा ८ मायक्रॉन वर सरकलेला. वरच्या मर्यादेपर्यंत फक्त १२ मायक्रॉन उरले, खालच्या बाजूला २८ मोकळे पडलेत. सीपीके नेहमी अडचणीची बाजू धरतो: सरासरीपासून जवळच्या मर्यादेपर्यंतचं अंतर, भागिले तीन सिग्मा. बारा भागिले १२.९, म्हणजे ०.९३. क्वालिटीच्या माणसाने बोट ठेवलं ते इथे. सीपी आणि सीपीके शेजारी ठेवून वाचले की दुखणं कळतं. दोन्ही कमी असतील तर मशीन, टूल किंवा जॉब पकडण्याची पद्धत तपासायची. सीपी चांगला आणि सीपीके पडलेला असेल तर दोष सेटिंगचा. खर्च नाही, ऑफसेट बदलायचा.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण वेळेसह लिहिलेली मापं क्रमाने पाहिली की आणखी काही दिसतं. सकाळच्या खेपांची सरासरी २०.००४ च्या आसपास आहे, पाळी संपतानाच्या खेपांची २०.०१२ च्या वर. कारण लेथवर काम करणारा कोणीही सांगेल: इन्सर्टची धार झिजते. धार जेवढी झिजते तेवढं टूल जॉबपासून मागे राहतं आणि बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो. पाच लागोपाठच्या नगांत ही झीज दिसत नाही, कारण ते काही मिनिटांत निघतात. ४.३ हा सिग्मा त्या काही मिनिटांतला आहे. सगळे १२५ नग एकत्र घेऊन विचलन काढलं तर ते ५ मायक्रॉन येतं. हा मोठा सिग्मा वापरून तोच भागाकार केला की मिळतो पीपीके, आणि तो आहे ०.८०. या हिशेबाने दहा हजारांत सत्तर-ऐंशी पिना मोठ्या निघतील, आणि त्या बहुतेक पाळीच्या शेवटच्या तासांतल्या असतील. मोजलेल्या सव्वाशेत त्यांतली एखादी सापडली असती, नाहीही सापडली असती. इथे नाही सापडली.

पुष्कळ ठिकाणी सगळी मापं एक्सेलमध्ये भरून `STDEV.S` लावतात आणि उत्तराला सीपीके म्हणून मोकळे होतात. ते सूत्र सगळ्या नगांचा एकत्र सिग्मा देतं, म्हणून निघतो तो पीपीके. दोन्ही आकडे कामाचे आहेत, फक्त कोणता कुठला हे कळलं पाहिजे. दोघांत जेवढी फट, तेवढं तुमचं मशीन दिवसभरात हलतंय. क्षणाक्षणाचा नैसर्गिक चढउतार आणि शोधता येईल अशा कारणाने झालेला बदल हे वेगळे ठेवायचे, हा विचार वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली अमेरिकेत नियंत्रण आलेखातून मांडला. पुढे १९४७-४८ मध्ये महालनोबिसांच्या निमंत्रणावरून ते भारतातही आले होते. माझं स्पष्ट मत आहे की आलेख न पाहता नुसता सीपीके मागणं आणि देणं, दोन्ही बंद व्हायला हवं. प्रक्रिया स्थिर नसेल तर तो आकडा उद्याबद्दल काहीच सांगत नाही.

आपल्या पिनचा उपाय सोपा आहे. सरासरी मधोमध आणायची आणि झीज पाळीभरात सुमारे ९ मायक्रॉन आहे हे कळल्यावर दर दोन तासांनी व्यासात २ मायक्रॉनची कमी द्यायची. असं केल्यावर सरासरी २०.००१ वर राहिली असं धरू. सीपीके १.४७ होतो आणि पीपीके त्याच्या अगदी जवळ, १.४६ च्या आसपास. मशीन तेच, माणूस तोच, इन्सर्टही तोच.

इथेच एक चूक मात्र कष्टाळू ऑपरेटरकडून होते. नग ५ मायक्रॉन मोठा आला की तो लगेच ५ कमी करतो, पुढचा ४ लहान आला की ४ वाढवतो. हा चढउतार मशीनचा स्वभाव होता. त्याच्या मागे धावल्याने प्रत्येक नगाची चूक पुढच्यात मिसळते. स्थिर प्रक्रियेत अशी प्रत्येक नगागणिक पुरी दुरुस्ती केली तर सिग्मा सुमारे १.४ पट होतो, हे गणिताने सिद्ध आहे. आपला ४.३ चा ६.१ होईल आणि १.५५ चा सीपी १.१० वर उतरेल. दुरुस्ती पाच नगांची सरासरी पाहून करायची, एका नगावरून नाही.

हे सगळं मापं खरी असतील तरच. ४० मायक्रॉनच्या सवलतीसाठी व्हर्नियर चालत नाही. त्याचं सर्वांत लहान मापच २० मायक्रॉनचं असतं. निदान एक मायक्रॉन दाखवणारा मायक्रोमीटर हवा, आणि तोच नग दोन माणसांनी दोन-दोनदा मोजून किती फरक पडतो हे आधी बघायला हवं. कारण मोजण्यातला फरकही सिग्मात मिसळतो आणि दोष मशीनच्या माथी जातो. उष्णता तर सहज विसरली जाते. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे ११.५ मायक्रॉन फुगतं. आत्ताच कातलेली पिन मायक्रोमीटरपेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर व्यास साडेतीन मायक्रॉन जास्त दिसतो. सीपीके ज्या १२ मायक्रॉनवर काढला, त्यातले साडेतीन नुसत्या घाईने गेले. नग टेबलावर थंड होऊ द्यावेत, मग मोजावेत.

आणखी एक गोष्ट पुरवठादारांना ठाऊक असून बोलली जात नाही. बाद नग बाजूला काढून उरलेल्यांतून तीस निवडले की सीपीके छान येतो. असा कागद ग्राहकाला फसवतो आणि त्याहून जास्त मालकाला, कारण बाद माल काढायची मजुरी तोच भरतो. प्रामाणिकपणे उचललेल्या तीस नगांवरूनही फार ठाम बोलता येत नाही. तीस नगांवर सीपीके १.३३ निघाला तर खरा आकडा साधारण ०.९७ पासून १.६९ पर्यंत कुठेही असू शकतो. सव्वाशे नग घेतले तर हा पल्ला १.१५ ते १.५१ इतका आवळतो. म्हणून १.३२ ला नाकारून १.३४ ला स्वीकारण्यात फारसा अर्थ नाही.

आता मोटारउद्योगातला एखादा ग्राहक महत्त्वाच्या मापासाठी १.६७ मागतो. आपल्या पिनचा सीपी १.५५ आहे. मधोमध बसवून सीपीके जास्तीत जास्त सीपीइतका होतो, त्याच्या वर जात नाही, तेव्हा ऑफसेटचं काम इथे संपलं. सिग्मा ४.३ वरून ४.० वर आणावा लागेल. त्यासाठी चकचा रनआउट डायलने तपासावा, टूल होल्डरबाहेर किती लोंबतंय ते पाहावं, शेवटच्या कटसाठी प्रत्येक वेळी सारखंच मटेरियल उरतंय का ते बघावं. एवढ्या फरकासाठी बहुधा हेच पुरतं. ग्राइंडिंगचं वेगळं ऑपरेशन लावायचं ठरलं तर नगाचा दर वाढतो. त्याआधी डिझाइन करणाऱ्याला विचारायला हरकत नाही की ही पिन ज्या बुशमध्ये बसते तिथे ४० ऐवजी ४४ मायक्रॉन चालतील का. चालत असतील तर आहे त्याच मशीनवर सीपी १.७० च्या वर जातो, आणि पिन मधोमध राखली की १.६७ हाताशी येतो.