आणखी एकदा, की आता पुरे?

गर्भ गर्भाशयात सोडला की साधारण दोन आठवड्यांनी बीटा एचसीजीची रक्तचाचणी होते. आयव्हीएफमधली इंजेक्शनं, सोनोग्राफी, एग पिकअप हे सगळं एक वेळ निभावतं. जीव खातात ते हे दोन आठवडे. त्यात औषधच चकवतं. गर्भ टिकावा म्हणून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनने छाती जड होते, थकवा येतो, पाळीही लांबू शकते. गर्भ रुजलेला नसला तरी दिवस गेल्यासारखंच वाटत राहतं. मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो, औषधं थांबतात आणि पाळी येते. घरी बरेचदा कोणाला सांगितलेलंच नसतं, त्यामुळे धीर द्यायलाही कोणी येत नाही.

वर ‘तू टेन्शन घेतलंस म्हणून झालं नाही’ हा शेरा असतोच. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 14 अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संशोधनात उपचारापूर्वीच्या ताणाचा निकालाशी संबंध आढळला नाही. हे क्लिनिकच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवं.

थांबणं अवघड जातं, कारण ‘आता कधीच नाही’ असं कोणताही एक रिपोर्ट सहसा सांगत नाही. ब्रिटनमधल्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांच्या नोंदींत, चाळिशीच्या आतल्या स्त्रियांपैकी सुमारे 32 टक्क्यांना पहिल्या सायकलमध्ये मूल झालं. सहा सायकलींपर्यंत हा अंदाज 68 टक्क्यांवर गेला. म्हणजे पुन्हा प्रयत्न करणं हा वेडेपणा नव्हे. पण स्वतःची बीजं वापरणाऱ्या, बेचाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांत प्रत्येक सायकलची शक्यता चार टक्क्यांच्याही खाली होती. त्या वयात ‘या वेळी प्रोटोकॉल बदलू’ एवढं ऐकून होकार देऊ नये.

समजा, एकेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या दोन सायकली फसल्या आहेत. दोन्ही वेळी बीजं तीन-चारच मिळाली, चांगला गर्भ एखादाच झाला. तिला तिसऱ्यांदा विचारायचं ते एवढंच: माझं वय, माझी बीजं पाहता मूल हातात येण्याची शक्यता किती? उत्तर फारच तोकडं असेल, तर पुढचा खरा पर्याय दात्या स्त्रीच्या बीजांचा, दत्तक मुलाचा किंवा दोघांनीच राहण्याचा. अनेकदा नवरा दात्या बीजांना तयार असतो, बायको नसते, किंवा उलट. म्हणून किती सायकली आणि किती पैसे, ही मर्यादा पहिल्या इंजेक्शनआधीच ठरवलेली बरी. निगेटिव्ह रिपोर्टच्या आठवड्यात तर पुढची तारीख घेऊच नये.

शेवटचा पेच गोठवलेल्या गर्भांचा. भारतीय कायद्यानुसार ते जास्तीत जास्त दहा वर्षं ठेवता येतात. उपचार थांबवायचं ठरवलेली काही जोडपीही ते वापरायचे की सोडून द्यायचे, हे न ठरवता साठवणुकीचे पैसे भरत राहतात.