घसा बसला, तपासणी छातीची

साठीला टेकलेला, वर्षानुवर्षं विडी ओढणारा एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याचा आवाज बसला आहे. सर्दी नाही, घसा दुखत नाही. मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं, तरी महिनाभर आवाज सुटत नाही आणि घाईनं पाणी प्यायलं की ठसका लागतो. कान-नाक-घशाचे डॉक्टर नाकातून बारीक दुर्बीण घालून त्याला ‘ई’ म्हणायला लावतात. उजवा स्वरतंतू मध्याकडे सरकतो, डावा जागचा हलत नाही. त्यावर गाठ नाही, सूजही नाही. डॉक्टर छातीचा सीटी स्कॅन लिहून देतात आणि घरची माणसं चक्रावतात.

या सल्ल्यामागे व्हेगस नावाच्या नसेची वाट आहे. मेंदूपासून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी ही दहावी. बाकीच्यांचं काम बहुतेक डोक्यात आणि मानेतच संपतं. व्हेगस मात्र थेट पोटापर्यंत जाते. कवटीच्या तळाच्या छिद्रातून ती बाहेर पडते आणि मानेत मोठी रोहिणी व नीला यांच्या मधोमध, किंचित मागे, त्यांच्याच आवरणातून खाली उतरते. वाटेत ती कानाच्या नळीच्या त्वचेला एक बारीक फांदी देते. कान साफ करताना काही जणांना अचानक खोकला येतो तो या फांदीमुळे. टाळू आणि घशाच्या स्नायूंनाही तिच्या फांद्या जातात.

स्वरयंत्राकडे जाणारी मुख्य फांदी मात्र मानेत फुटतच नाही. उजवीकडे ती हाताकडे जाणाऱ्या रोहिणीला वळसा घालते. डावीकडे मूळ नस छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीपाशी ही फांदी सोडते, आणि फांदी कमानीखालून वळून श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेतून पुन्हा वर येते. गर्भात हृदय मानेजवळ तयार होतं आणि नंतर छातीत उतरतं. उतरताना त्याच्या रक्तवाहिन्यांनी ही नसही खाली ओढून नेलेली असते.

म्हणूनच डाव्या फुप्फुसाच्या मुळाशी कॅन्सरची गाठ असली, क्षयानं तिथल्या लसिकाग्रंथी सुजल्या किंवा महाधमनीला फुगा आला, तर नस दाबली जाते आणि पहिली तक्रार आवाजाची येऊ शकते. नॉर्बर्ट ऑर्टनर या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी 1897 मध्ये हृदयाची झडप अरुंद झालेल्या रुग्णांमध्ये असा घोगरेपणा नोंदवला. झडपेमागे दाब वाढून फुप्फुसाची रोहिणी फुगते आणि नस तिच्या व महाधमनीच्या मध्ये चेपली जाते, असा आजचा उलगडा आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्याचा आवाज तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला, तर गुळण्यांवर वेळ घालवणं धोक्याचं आहे.

ही नस मानेतही दुखावते, विशेषतः थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत, कारण ती ग्रंथीला अगदी खेटून जाते. एका बाजूची दुखावली तर स्वरतंतू नीट मिटत नाहीत: आवाज हवाळ होतो आणि खोकल्यात जोर राहत नाही. दोन्ही बाजूंच्या गेल्या तर चित्र उलटं. आवाज बराचसा शाबूत वाटतो, पण दोन्ही तंतू मध्याजवळ अडकल्यानं श्वासाची वाट चिंचोळी होते, आत श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो आणि कधी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवावी लागते. नस नुसती ताणली गेली असेल तर काही महिन्यांत आवाज परतू शकतो. तोवर आवाजाचे व्यायाम करतात. तुटली असेल, तर बसलेला तंतू इंजेक्शननं किंवा लहान शस्त्रक्रियेनं मध्याकडे ढकलतात. मग चांगला तंतू त्याला येऊन टेकतो.

इजा याहून वर, कवटीच्या तळाशी असेल, तर आवाजाबरोबर टाळूही लुळा पडतो. ‘आ’ म्हणताना पडजीभ चांगल्या बाजूकडे ओढली जाते आणि प्यायलेलं पाणी नाकातून येतं. नुसत्या तोंडाच्या तपासणीनं डॉक्टरांना इजेची जागा अशी ताडता येते.

छातीत व्हेगस हृदयाला आणि फुप्फुसांनाही फांद्या देते. हृदयाचा वेग ती सतत रोखून धरते. प्रत्यारोपणात या फांद्या तुटतात, म्हणून नव्या हृदयाचे ठोके विश्रांतीतही मिनिटाला साधारण 90 ते 110 पडतात.

पुढे दोन्ही बाजूंच्या नसा अन्ननलिकेभोवती जाळं विणून श्वासपटलातून पोटात शिरतात आणि जठराला आम्ल बनवण्याचा, अन्न पुढे ढकलण्याचा निरोप देतात. शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी 1943 मध्ये अल्सरच्या रुग्णावर या नसा कापण्याची शस्त्रक्रिया केली. आम्ल घटलं, पण अशा रुग्णांपैकी अनेकांच्या जठरात अन्न साचून राहू लागलं, उलट्या होऊ लागल्या. मग जठराचं तोंडही मोठं करावं लागू लागलं. पुढे सर्जन फक्त आम्ल बनवणाऱ्या भागाकडे जाणारे बारीक तंतू कापू लागले आणि जठराच्या तोंडाकडची फांदी राखू लागले. आज अल्सर गोळ्यांनीच बरा होतो, पण अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेत किंवा जुन्या मधुमेहात याच नसेला इजा झाली, की दोन घासांत पोट भरतं आणि सकाळचं जेवण संध्याकाळपर्यंत जठरातच राहतं.