दुसऱ्याची सही : 'करिता' आणि ई-स्वाक्षरी

गृहनिर्माण संस्थेचे सचिव परगावी असताना, जुन्या पत्रावरील त्यांच्या सहीचे छायाचित्र नव्या पत्राखाली चिकटवण्याची विनंती लिपिकाला केली जाते, तेव्हा मजकूर खरा असला तरी सचिवांनी तो वाचून मान्य केला, हे त्या पत्राचे विधान खोटे ठरते. अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने, दुसऱ्याच्या अधिकाराविना त्याची सही केलेला दस्तऐवज भारतीय न्याय संहिता, 2023 च्या कलम 335 नुसार 'खोटा दस्तऐवज' होय, आणि बनावटीकरणास कलम 336 मध्ये 2 वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. सहीचे वळण हुबेहूब साधणे म्हणजे अधिकार मिळणे नव्हे.

योग्य मार्ग सोपा आहे. सचिवांनी ईमेलने किंवा लेखी अधिकार दिला असल्यास लिपिकाने स्वतःचीच सही करावी, खाली स्वतःचे नाव लिहावे आणि सचिवांच्या पदनामाआधी 'करिता' घालावे. त्यामुळे पत्र कोणाच्या वतीने गेले आणि प्रत्यक्ष सही कोणी केली, हे दोन्ही वाचणाऱ्यास कळते, मात्र कायद्याने त्या पदाधिकाऱ्याचीच सही आवश्यक असेल तेथे ही सोय चालत नाही. अशा वेळी, त्या कागदावर ई-स्वाक्षरी चालत असल्यास, माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 ने मान्य केलेली ई-स्वाक्षरी सचिव दूरवरूनही करू शकतात. आधार-आधारित पद्धतीत ओटीपी त्यांच्याच भ्रमणध्वनीवर येतो. तो ओटीपी मागून घेऊन इतरांनी वापरणे हीदेखील दुसऱ्याने केलेली त्यांची सहीच ठरते.