गवत पिवळं करा, चेहऱ्यांना हात लावू नका

कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' हा चित्रपट २००० साली आला. गोष्ट १९३७ च्या मिसिसिपीतली. मंदीचे दिवस, तापलेले कच्चे रस्ते, धुरळा, आणि तुरुंगातून पळालेले तीन कैदी. चित्रीकरण झालं ते मात्र १९९९ च्या उन्हाळ्यात, आणि त्या दिवसांत मिसिसिपी नजर जाईल तिथवर हिरवंगार असतं. दिग्दर्शकांना तर हवं होतं जुन्या, हाताने रंगवलेल्या पोस्टकार्डासारखं चित्र: वाळलेलं गवत, पिवळी पडलेली झाडं, सगळ्यावर धुळीची झाक. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी आधी फिल्म लॅबमधल्या रासायनिक प्रक्रिया करून पाहिल्या. मनासारखं काही उतरेना.

न उतरण्याचं कारण साधं होतं. लॅबमध्ये प्रिंट काढताना लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचं प्रमाण कमीजास्त करता येई, पण जो फरक करायचा तो अख्ख्या फ्रेमला लागू होई. गवतातला हिरवा कमी करायला जावं, तर तोच हिरवा चेहऱ्यांतूनही जातो आणि माणसं गुलाबी-जांभळी दिसायला लागतात. शेवटी निगेटिव्ह स्कॅन करून संगणकावर घेतलं गेलं. तिथे फक्त पानागवताच्या हिरव्या छटा निवडून त्या पिवळ्याकडे नेता आल्या. कातडीचे रंग जागच्या जागी राहिले. अख्ख्या चित्रपटाचं रंगकाम अशा डिजिटल पद्धतीने झालेल्या अगदी पहिल्या चित्रपटांपैकी हा एक.

या कामामागची मागणी नीट पाहण्यासारखी आहे. कोणता रंग बदलायचा, तो कुठे न्यायचा, कशाला धक्का लावायचा नाही आणि एकूण चित्र कशासारखं दिसावं, हे सगळं तिच्यात होतं. ज्या सोयीसाठी तेव्हा एवढा खटाटोप करावा लागला, ती आज तालुक्याच्या गावातल्या व्हिडिओ एडिटरच्या लॅपटॉपवरही असते. अडतं ते मागणीपाशी. लग्नाची फिल्म असो, शाळेचा माहितीपट असो की घरगुती दुकानाची जाहिरात, एडिटरला निरोप जातो तो एवढाच: 'दादा, जरा सिनेमॅटिक करा ना.'

एडिटर मग अंदाज बांधतो. बहुतेक वेळा तो एक तयार 'लट' लावतो. लट म्हणजे रंगांचा तयार तक्ता. आत आलेल्या प्रत्येक रंगाच्या बदल्यात बाहेर कोणता रंग द्यायचा, हे त्यात आधीच ठरलेलं असतं. सगळ्यांत जास्त चालणारा तक्ता सावल्यांना मोरपंखी आणि चेहऱ्यांना नारिंगी करणारा. त्यामागे कारण आहे. माणूस गोरा असो, गव्हाळ असो की सावळा, कातडीचा मूळ रंग नारिंगीच्या एका अरुंद पट्ट्यात येतो. फरक असतो तो मुख्यतः उजळपणात आणि रंगाच्या तीव्रतेत. नारिंगीच्या विरुद्ध बाजूचा रंग निळा-मोरपंखी. पार्श्वभूमी तिकडे झुकवली की चेहरा चटकन उठून येतो. हॉलिवूडच्या थरारपटाला हे शोभतं. हिरव्या नऊवारीला, आंब्याच्या तोरणाला आणि हळदीला ते शोभेलच असं नाही, कारण तिथे गोष्ट सांगणारे रंग वेगळे असतात.

म्हणून लुक सांगण्याआधी दोन पायऱ्या वेगळ्या ओळखाव्यात. पहिली पायरी करेक्शनची. पांढरं पांढरं दिसावं, चेहरे पुरेसे उजळ असावेत, दोन कॅमेऱ्यांची चित्रं एकमेकांशी जुळावीत, एवढंच त्यात येतं. ग्रेडिंग त्याच्या पुढे सुरू होतं, आणि मनातला भाव तिथे येतो. 'व्हिडिओ पिवळा दिसतोय' ही पहिल्या पायरीची तक्रार झाली, 'जुन्या आठवणीसारखं वाटू दे' ही दुसऱ्या पायरीची मागणी. दोन्ही एकाच वाक्यात कोंबल्या, की एडिटर पिवळा काढत असतो आणि त्याच वेळी घालतही असतो.

समजा, हळदीच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे. सकाळचे दहा, अंगणात मंडप, वर पिवळं कापड. ऊन त्या कापडातून गाळून येतंय, त्यामुळे नवरी, मामा, करवल्या, आंब्याची पानं, सगळंच पिवळं. मंडपाबाहेरच्या अंगणात लख्ख ऊन. घरच्यांना हवंय 'वॉर्म' चित्र. एडिटरने शब्दशः ऐकून ऊब वाढवली, तर पहिला बळी हळदीचा जातो. गालावरची हळद आणि न माखलेलं कपाळ एकाच रंगाचं होतं, मग हळद लागली कुठे तेच कळत नाही. इथे आधी उलटं करावं लागतं, पिवळा काढावा लागतो. पण तोही पूर्ण काढून चालत नाही. मामांची टोपी अगदी कोऱ्या कागदासारखी पांढरी केली, तर मंडपातली सकाळ मरते आणि सगळं ट्यूबलाइटखाली घडल्यासारखं वाटतं. जाणता एडिटर आधी पांढरा जुळवतो आणि मग थोडी ऊब हाताने परत घालतो.

ती ऊब कुठे घालायची, हा खरा प्रश्न. ग्रेडिंगच्या प्रोग्रॅममध्ये चित्राचे ढोबळ तीन भाग करून प्रत्येकाला वेगळा रंग देता येतो. पहिला भाग गडद: केस, सावल्या, काळा कोट. दुसरा मधला, त्यात बहुतेक चेहरे येतात. तिसरा उजळ: ऊन पडलेलं कापड, दागिन्यांची चमक, आकाश. एडिटर त्यांना शॅडोज, मिडटोन्स आणि हायलाइट्स म्हणतात. हळदीच्या या चित्रात ऊब फक्त उजळ भागात आणि किंचित मधल्या भागात द्यावी, गडद भाग मात्र रंगहीन ठेवावा. केस काळेभोर राहिले, की शेजारचा पिवळा जास्त खरा वाटतो. तिन्ही भागांत पिवळा ओतला तर मळकट चित्र हाती येतं, मग घरचे म्हणतात 'कसंतरीच दिसतंय' आणि नेमकं काय बिघडलंय ते कोणालाच सांगता येत नाही.

निरोप तांत्रिक शब्दांत देण्याची गरज नाही. उलट डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंची नावं घेतली, तर एडिटरला जास्त नेमकं कळतं. या चित्रासाठी चांगला निरोप साधारण असा होईल: 'दादा, मंडपाच्या कापडामुळे सगळे चेहरे पिवळे मारतायत. मामांची टोपी जवळजवळ पांढरी दिसेल इतका पिवळा कमी करा, पण सकाळचं कोवळं ऊन जाणवू द्या. गालावरची हळद आणि कपाळ वेगळं कळलं पाहिजे. केस काळेच राहू देत, सावल्या निळ्या करू नका. तोरणाची पानं गडद हिरवी हवीत, पोपटी नकोत. एकूण रंग थोडे मऊ चालतील, फक्त हळद आणि साडीचा काठ फिका पडू देऊ नका.' यात एकही इंग्रजी संज्ञा नाही, तरी एडिटरला प्रत्येक वाक्यावर कुठे हात घालायचा ते समजतं. मऊ म्हणजे कॉन्ट्रास्ट कमी, फिका म्हणजे रंगाची तीव्रता कमी, हे भाषांतर तो मनातल्या मनात करून घेतो.

मराठीत अशा कामाला रंगांचे शब्द भरपूर आहेत: शेवाळी, विटकरी, तांबूस, धुरकट, भगभगीत. 'छान', 'रिच', 'प्रोफेशनल' यांपेक्षा त्यांतला कोणताही एक शब्द उपयोगाचा. प्रमाणही सांगावं. 'नुसती झाक' आणि 'उघड दिसेल इतकं' यांत मोठं अंतर असतं. शब्द अपुरे वाटले तर दुसऱ्या एखाद्या चित्रपटातला स्थिर फोटो पाठवावा, पण त्यातलं काय आवडलं तेही लिहावं. रात्रीच्या रस्त्याचा निळा फोटो पाठवून हळदीसाठी 'असंच' म्हटलं, तर एडिटर निळा घ्यावा की फक्त सावल्यांचा गडदपणा, या पेचात पडतो. शक्यतो सारख्याच वेळचं, सारख्याच उजेडातलं चित्र निवडावं.

काही मागण्या मात्र कितीही नेमक्या शब्दांत केल्या तरी पुऱ्या होत नाहीत. मंडपाबाहेरचं ते लख्ख अंगण कॅमेऱ्यात पूर्ण पांढरं उमटलं असेल, तर त्यातल्या रांगोळीची नोंदच झालेली नसते. ती जागा गडद केली की रांगोळी उगवत नाही, सपाट राखाडी डाग दिसतो. चित्र जळलंय हे ओळखण्याची खूण तीच. संध्याकाळच्या कार्यक्रमातले निळे-जांभळे एलईडी दिवे आणखी कठीण. चेहऱ्यावर जवळजवळ निळाच प्रकाश पडला असेल, तर कातडीचा लाल परत आणायला मूळ चित्रात लाल असतोच कुठे? अशा तुकड्यांवर अनेक एडिटर कृष्णधवलचा पर्याय देतात, आणि तो स्वीकारावा. फोनवरच्या साध्या चित्रीकरणात प्रत्येक मूळ रंगाला सहसा २५६ पायऱ्या मिळतात. निळं आकाश फार ताणलं, की त्या पायऱ्या पट्ट्यांसारख्या दिसू लागतात.

भर दुपारचं चित्र रात्रीचं करता येतं, पण त्याची तयारी चित्रीकरणात असावी लागते. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' या २०१५ च्या चित्रपटातली निळी रात्र नामिबियाच्या वाळवंटात दिवसाउजेडी टिपलेली आहे. तिथे चित्र मुद्दाम गरजेपेक्षा उजळ घेतलं, म्हणजे ते नंतर गडद केल्यावर सावल्यांत दाणे न येता तपशील टिकले. घरच्या कार्यक्रमाला एवढा खटाटोप कोणी करत नाही. पण लुकबद्दल एडिटरशी बोलायचं ते काम संपल्यावर, असा नियम नाही. कॅमेरावाल्याला आधीच 'पिवळ्या कापडाऐवजी पांढरं लावू का?' एवढं विचारलं, तरी पुढचं अर्धं करेक्शन वाचतं.

पहिला कच्चा तुकडा आला, की तो पाहण्याची पद्धतही ठरवून घ्यावी. फोनमध्ये रात्रीसाठीचा पिवळसर पडदा चालू असेल, तर प्रत्येक चित्र पिवळंच दिसणार. तो बंद करावा, आणि स्क्रीनचे 'व्हिव्हिड' सारखे भडक पर्यायही. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली फाइल दाबली गेलेली असते, म्हणून रंगांवर मत देण्यासाठी मूळ फाइलची लिंक मागावी. घरातल्या पाच जणांनी पाच फोनवर पाहून पाच मतं कळवण्यापेक्षा, एकाने एकाच स्क्रीनवर पाहून वेळेसकट लिहावं: '२ मिनिटं १४ सेकंदांपासून ३१ सेकंदांपर्यंत आत्याचा चेहरा हिरवट वाटतोय, आधीच्या शॉटमध्ये ठीक आहे.' आधीच्या शॉटचा उल्लेख फार मोलाचा, कारण मग एडिटरला जुळवायला नमुना त्याच फिल्ममध्ये मिळतो.