दहा अधिक दहा, बरोबर एकोणीस

दिवाळी उलटली, सोयाबीनचे पैसे हातात आले की बुलढाणा जिल्ह्यात पाइपांच्या दुकानांत गर्दी व्हायला लागते. हरभरा पेरायचा असतो आणि विहिरीचं पाणी तुषार संचापर्यंत न्यायचं असतं. चिखली असो, मेहकर असो, गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यात एक बोलणं ठरलेलं असतं. दुकानदार कंपनीची दरयादी पुढे करतो आणि म्हणतो, "यादीवर दहा अन् दहा." गिऱ्हाईक मनातल्या मनात वीस टक्के धरतो. बिल होतं आणि आकडा काही जुळत नाही.

या व्यापारात सूट अशी तुकड्या-तुकड्यांतच सांगितली जाते. पाइप, बेअरिंग, विजेचं सामान, सगळीकडे 'दहा-दहा' किंवा 'चाळीस-दहा' अशीच भाषा चालते. त्यात लपवाछपवी नसते. पहिली सूट सगळ्याच गिऱ्हाइकांना मिळते. दुसरी रोख पैसे देणाऱ्याला किंवा जास्त माल उचलणाऱ्याला. पण दुसरी सूट पहिलीनंतर उरलेल्या रकमेवर बसते, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

एक बिल मांडून पाहू. समजा, यादीप्रमाणे पाइपांची किंमत २०,००० रुपये झाली. पहिले दहा टक्के म्हणजे २,००० रुपये गेले, १८,००० उरले. दुसरे दहा टक्के आता या १८,००० वर निघतात, म्हणून ते १,८०० रुपये होतात. उरले १६,२००. एकूण सूट ३,८०० रुपये, म्हणजे मूळ किमतीच्या एकोणीस टक्के. सरळ वीस टक्के सूट असती तर पाइप १६,००० ला पडले असते.

हे मधले २०० रुपये गेले कुठे? पहिल्या फेरीत २,००० रुपये किमतीतून बाहेर पडले. जे बाहेर पडले, त्यांच्यावर दुसरी सूट लागू शकत नाही. त्या २,००० चे दहा टक्के, म्हणजे बरोबर २०० रुपये, एवढीच ती तफावत. कोणत्याही दोन सुटींना हाच हिशेब लागतो: दोन्ही टक्के मिळवायचे आणि त्यांच्या गुणाकाराचा शंभरावा भाग वजा करायचा. दहा-दहाचे वीस, वजा एक, एकोणीस. चाळीस-दहाचे पन्नास, वजा चार, शेहेचाळीस.

तरीही मन बेरजेकडेच ओढ घेत असेल, तर पन्नास-पन्नासची सूट घेऊन पाहावी. बेरीज खरी असती तर वस्तू फुकट मिळाली असती. प्रत्यक्षात अर्ध्याचं अर्धं होतं आणि चौथा हिस्सा द्यावाच लागतो. सूट म्हणजे किमतीतून ठरावीक रक्कम काढणं असं आपण समजतो, पण टक्क्यातली सूट हा खरं तर गुणाकार आहे. दहा टक्के सूट म्हणजे किमतीला ०.९ ने गुणायचं. दोनदा सूट म्हणजे ०.९ × ०.९ = ०.८१. शंभरातले एक्याऐंशी उरले, एकोणीस गेले.

ही चूक शिकल्यासवरल्या माणसांकडूनही होते. हैपेंग चेन आणि अक्षय राव या दोन संशोधकांनी २००७ मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च'मध्ये यावर निबंध प्रसिद्ध केला. 'दोन अधिक दोन चार होत नाहीत तेव्हा' अशा अर्थाचं त्याचं शीर्षक होतं. एकापाठोपाठ येणारे टक्के लोक सरळ मिळवून टाकतात, असं त्यांना दिसून आलं. वीस टक्के आणि वर आणखी पंचवीस टक्के ही सूट त्यामुळे पंचेचाळीस वाटते. ती असते चाळीस.

टक्का ऐकला की 'कशाचा?' हे विचारायची सवय खामगावच्या चांदी बाजारातही उपयोगी पडते. तिथे सुटीचा आकडा पुष्कळदा चांदीवर नसतो, मजुरीवर असतो. चांदी १०,००० रुपयांची आणि मजुरी १,००० रुपये असेल, तर मजुरीवरची वीस टक्के सूट २०० रुपयांची होते. ११,००० च्या व्यवहारात ती दोन टक्केही भरत नाही.

आता पाइपांच्या बिलावर कर चढवू. पीव्हीसी पाइपांवर अठरा टक्के जीएसटी आहे. १६,२०० वर तो २,९१६ रुपये होतो आणि बिल १९,११६ रुपयांवर थांबतं. सरळ वीस टक्के सूट असती तर १६,००० वर २,८८० कर लागून १८,८८० झाले असते. २०० रुपयांची तफावत आता २३६ झाली, कारण न मिळालेल्या सुटीवरही कर लागतो.

इथे अनेकांना शंका येते की आधी कर लावून मग सूट दिली तर गिऱ्हाइकाचं नुकसान होतं. करून पाहावं. २०,००० वर अठरा टक्के चढवले की २३,६००. त्यातून दहा टक्के गेले, २१,२४०. पुन्हा दहा टक्के गेले, १९,११६. पै-पैसा तोच. गुणाकारात आकड्यांची जागा बदलली तरी उत्तर बदलत नाही, म्हणून सूट आधी की कर आधी याने गिऱ्हाइकाला फरक पडत नाही.

फरक पडतो तो एखादी सूट बिलाबाहेर राहिली तर. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचं पंधरावं कलम सांगतं की विक्रीच्या वेळी किंवा आधी दिलेली आणि बिलावर लिहिलेली सूट वजा करूनच कराची रक्कम काढायची. समजा, दुकानदाराने बिलावर पहिलीच सूट लिहिली आणि म्हणाला, "दुसरे दहा टक्के महिनाअखेर परत देतो, दादा." मग कर लागेल १८,००० वर, म्हणजे ३,२४०. शेतकरी भरणार २१,२४०. महिनाअखेर त्याला १,८०० रुपये परत मिळाले तरी पाइप पडले १९,४४० ला. आधीपेक्षा ३२४ रुपये जास्त, आणि ते म्हणजे त्या १,८०० वरचा अठरा टक्के कर.

विक्रीनंतर दिलेल्या सुटीवरचा करही कमी होऊ शकतो, पण त्याला अट आहे. घेणाऱ्याने तेवढी कराची वजावट उलटवलेली हवी. नोंदणीकृत व्यापाऱ्यांमध्ये हे जमतं. शेतकऱ्याला दिलेल्या तोंडी शब्दाला हे लागू होत नाही. म्हणून दुसरी सूट बिलावर दुसऱ्या ओळीत लिहून घेणं हे ३२४ रुपयांचं काम आहे.

'जीएसटी आमच्याकडून' अशी पाटी लागते, तेव्हाही टक्का कशाचा हे पाहावं लागतं. अठरा टक्के कर फेडायला अठरा टक्के सूट लागत नाही. १०० ची वस्तू करासह ११८ ला होते आणि ११८ वरून १०० वर यायला १८ रुपये कमी करावे लागतात. ते ११८ चे सव्वापंधरा टक्के आहेत. त्याच कारणाने करासहित छापलेल्या किमतीत अठरा टक्के दराचा कर सव्वापंधरा टक्केच असतो. अशा छापील किमतीवर सूट जाहीर करायची आणि वर पुन्हा कर मागायचा, ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये, व्हॅटच्या काळातल्या एका प्रकरणात ठरवलं होतं.

इथवर गणित सरळ रेषेत चाललं. तयार कपड्यांच्या दुकानात मात्र ही रेषा तुटते. २२ सप्टेंबर २०२५ पासून एका नगाची विक्री किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर कर पाच टक्के आणि त्यावर असेल तर अठरा टक्के आहे. इथे विक्री किंमत म्हणजे सूट वजा करून, पण कर न धरता येणारी किंमत. २,५०० चा कपडा करासह २,६२५ ला पडतो. तोच २,५०१ चा असेल तर २,९५१ रुपये १८ पैशांना. एका रुपयाने सव्वातीनशेवर रुपये वाढतात.

आता करासहित ३,००० रुपये छापलेलं जाकीट घेऊ. सूट नसेल तर त्यात मूळ किंमत २,५४२ रुपये ३७ पैसे आणि कर ४५७ रुपये ६३ पैसे. दहा-दहाची सूट मिळाली तर गिऱ्हाईक २,४३० देणार. मूळ किंमत २,५०० च्या खाली आली, म्हणून दर पाच टक्क्यांचा: किंमत २,३१४ रुपये २९ पैसे, कर ११५ रुपये ७१ पैसे. गिऱ्हाइकाचे गेले १९ टक्के कमी, पण सरकारकडे जाणारा कर चौथ्या हिश्श्यावर आला. म्हणजे ५७० रुपयांच्या सुटीतले जवळपास ३४२ रुपये कर घटल्यामुळे सुटले आणि दुकानदाराने आपल्या खिशातून सोडले साधारण २२८.

आणि फक्त पहिलेच दहा टक्के मिळाले तर? गिऱ्हाईक २,७०० देणार. अठरा टक्के धरून मूळ किंमत काढली तर ती २,२८८ येते, म्हणजे कर पाच टक्के हवा. पाच टक्के धरून काढली तर २,५७१ येते, म्हणजे अठरा हवा. दोन्हीकडून हिशेब स्वतःलाच खोडतो. करासह २,६२५ च्या वर आणि २,९५० पर्यंत एका कपड्याची कोणतीही किंमत या नियमात बसत नाही. दुकानदाराला किंमत २,६२५ पर्यंत उतरवावी लागते किंवा वर न्यावी लागते.

अशा दुकानाचं बिल हातात आलं की दोन ओळी पाहाव्यात. एक, कराआधीची किंमत. दुसरी, केंद्राचा आणि राज्याचा कर. हे दोन्ही निम्मे-निम्मे छापलेले असतात: अडीच-अडीच किंवा नऊ-नऊ टक्के. पहिल्या ओळीत एका नगाला २,२८८ आणि दुसरीत नऊ-नऊ दिसले, तर दर चुकला आहे. तिथल्या तिथे बिल दुरुस्त करून घेतलं, तर २,२८८ वर पाच टक्के लागून जाकीट २,४०३ ला पडतं आणि २,७०० मधले २९७ रुपये परत मिळतात.