मागच्या जिन्याचं दार

आमच्या सहा मजली ऑफिसच्या पहिल्या फायर ड्रिलची नोंद एका ओळीची होती: ‘इमारत ७ मिनिटं ४० सेकंदांत रिकामी.’ खाली सही आणि शिक्का. पुढच्या वेळची आखणी माझ्याकडे आली तेव्हा ही नोंद मी परत परत वाचली. कुठल्या मजल्याला उशीर झाला, कोण कुठल्या जिन्याने उतरलं, यातलं काहीच तिच्यात नव्हतं. उंच इमारतींनी पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, त्यानंतर दर सहा महिन्यांनी ड्रिल घ्यावी आणि तिची लेखी नोंद तीन वर्षं इमारतीतच ठेवावी, असं राष्ट्रीय इमारत संहिता सांगत आली आहे. पण सात मिनिटांच्या आत काय काय दडलंय हे त्या नोंदीत नसेल, तर तीन वर्षं ती जपून काय मिळणार?

म्हणून या वेळी प्रत्येक मजल्यावर एक निरीक्षक ठेवला. त्याने कुणाला हाकायचं नाही, फक्त घड्याळाकडे बघून वेळा लिहायच्या: हूटर कधी वाजला, पहिला माणूस दाराकडे कधी निघाला, शेवटचा जिन्यात कधी शिरला. अग्निशमन केंद्राला आणि शेजारच्या इमारतीला आधीच कळवलं, नाहीतर कुणीतरी १०१ फिरवणार. लोकांना आठवडा सांगितला, वेळ मात्र सांगितली नाही.

दोन गोष्टी मुद्दाम बदलल्या. माणूस ज्या वाटेने रोज आत येतो, घाबरल्यावर त्याच वाटेने बाहेर पडू पाहतो. आमच्याकडे सगळे पुढच्या, लिफ्टजवळच्या जिन्याने उतरत, मागचा जिना कोराच राही. म्हणून चौथ्या मजल्यावर पुढच्या जिन्याच्या तोंडाशी ‘इथे धूर आहे’ अशी पाटी लावली. आणि हूटर सुरक्षारक्षकाच्या टेबलावरच्या बटणाने न वाजवता चौथ्या मजल्याच्या भिंतीवरच्या लाल डबीतून वाजवला. खरी आग लागली तर हाक तिथूनच जाणार होती.

चौथ्या मजल्यावर ४१ जण होते. पहिला माणूस दाराकडे निघायला १ मिनिट ५० सेकंद लागले. कुणी फोन संपवत होतं, कुणी लॅपटॉप बॅगेत भरत होतं, आणि बहुतेक जण शेजारचा उठतो का ते पाहत होते. काचेच्या मीटिंग रूममधल्या चौघांना हूटर ऐकूच गेला नाही. निरीक्षकाने त्यांना तसंच राहू दिलं आणि वेळ लिहिली. त्याला हे जड गेलं, पण त्यानेच आवाज दिला असता तर ही उणीव कधी उघडकीला आली नसती.

पाटी पाहून घोळका मागच्या जिन्याकडे वळला. दार उघडेना. कार्डाने उघडणारं दार, आणि पुढे असलेल्या मुलीचं कार्ड टेबलावर राहिलेलं. मागून कुणीतरी आपलं कार्ड पुढे दिलं तोवर ३५ सेकंद गेले.

अशा दाराचं कुलूप विजेच्या चुंबकाने धरलेलं असतं. वीज तुटली की ते आपोआप सुटतं. अलार्म वाजताच फायर पॅनेलने ही वीज तोडायची असते. आमच्या चौथ्या मजल्याचं नूतनीकरण झालं तेव्हा नव्या कुलपाची वायर पॅनेलला न जोडता सरळ वीजपुरवठ्यावर टाकली गेली होती. पहिल्या ड्रिलमध्ये हे समजणं शक्यच नव्हतं, कारण रक्षकाच्या बटणाने नुसता आवाज होत होता. पॅनेलला काही कळतच नव्हतं. बंगळुरूच्या कार्लटन टॉवर्समध्ये २३ फेब्रुवारी २०१० रोजी धुरात अडकलेल्या काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या, नऊ जण गेले. त्या ३५ सेकंदांची नोंद वाचताना मला ते आठवलं आणि अंगावर काटा आला.

सगळे बाहेर आले ८ मिनिटांत, पण मोजणी जुळायला १९ मिनिटं लागली. यादी हजेरीच्या मशीनची होती. मशीनला आत आलेला माणूस कळतो; चहाला खाली गेलेला किंवा साहेबांबरोबर साइटवर निघालेला कळत नाही. सहा जण लागेनात. पाच तसेच बाहेर असल्याचं निघालं. सहाव्या बाई पाचव्या मजल्याच्या जिन्यातल्या वळणावर बसून होत्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना उतरणं जमत नव्हतं, आणि त्या तिथे आहेत हे खाली कुणालाच माहीत नव्हतं.

नोंद मी त्याच संध्याकाळी लिहिली. दुसऱ्या दिवसापर्यंत लोकांच्या आठवणीतली मिनिटं गोल होऊन जातात. प्रत्येक उणिवेपुढे एक नाव आणि एक तारीख टाकली. दाराची वायर आठ दिवसांत बदलली आणि लाल डबी पुन्हा दाबून तपासली. मीटिंग रूममध्ये लुकलुकणारा दिवा बसला. आता मजल्याचा वॉर्डन आपल्या मजल्याची माणसं स्वतः मोजतो आणि रक्षक पाहुण्यांची वही घेऊन खाली उतरतो.

पाचव्या मजल्याच्या ओळीपुढची तारीख मात्र दोनदा पुढे गेली आहे. उतरवायची खुर्ची आली, पण ती धरायला शिकलेली दोन माणसं त्या मजल्यावर रोज हजर असतीलच असं नाही. तोवर त्या बाईंचं टेबल पहिल्या मजल्यावर हलवलं आहे.